डेली बजेट कमी केलं आणि महिन्याचा खर्च वाढला: एका गुगल ॲड्स अकाउंटची पूर्ण कहाणी

मासिक बजेट महिनाअखेरपर्यंत पुरवायचं कसं यावर सल्ला देणारे खूप, पण आकडे समोर ठेवून कुणी बोलत नाही, म्हणून हे एक प्रकरण पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत मांडतोय. आकडे कुठल्याही चलनात वाचा, हिशोब तोच राहतो.

अकाउंट एका ऑनलाइन क्लासचं. एकच सर्च कॅम्पेन, लोकांनी कोर्स शोधला की ॲड दिसणार, क्लिक करून फॉर्म भरला की ती एक लीड. मालकाने सांगितलं महिन्याला ६०,००० खर्च करायचे, त्याच्या वर नाही. अकाउंट बघणाऱ्या मुलाने ६०,००० भागिले ३० केले आणि डेली बजेट २,००० लावून मोकळा झाला. महिना ३० दिवसांचा, १ तारखेला सोमवार.

पहिल्या दहा दिवसांचा खर्च असा झाला. सोमवारी २,१५०, मंगळवारी ३,४००, बुधवारी ३,९८०, गुरुवारी ३,९५०, शुक्रवारी २,९००. मग शनिवार-रविवार एकदम थंड, १,३०० आणि १,१००. पुढच्या सोमवारपासून परत ३,७००, ३,९९० आणि ३,५३०. बेरीज बरोब्बर ३०,०००. म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश संपला आणि पैसे मात्र निम्मे उडाले.

११ तारखेला सकाळीच मालकाचा फोन. "अरे, दोन हजारचं लिमिट लावलंय म्हणालास ना, मग परवा चार हजार कसे गेले?"

"सर, गुगल थोडं वरखाली करतं, महिन्यात ॲडजस्ट होतं."

"थोडं? डबल झालंय ते. आत्ताच्या आत्ता कमी कर."

आता इथे थांबून बघू, कारण दोघंही अर्धे बरोबर आहेत. गुगल ॲड्समध्ये आपण जो आकडा टाकतो तो दिवसाचं लिमिट नसतोच, तो रोजची सरासरी असतो, आणि सेटिंगमध्ये त्याचं नावही तसंच लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण. ठराविक एका दिवशी त्या सरासरीच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, २,००० असेल तर ४,०००. हे २०१७ च्या ऑक्टोबरपासून असं आहे, त्याआधी फक्त २० टक्के वर जायची मुभा होती. खरं लिमिट महिन्याचं असतं आणि ते म्हणजे सरासरी गुणिले ३०.४. हे ३०.४ कुठून आलं तर ३६५ भागिले १२. त्यामुळे या कॅम्पेनचं मासिक लिमिट निघतं २,००० × ३०.४ = ६०,८००. म्हणजे ३० ने भागलं तिथेच ८०० जास्तीचे मंजूर करून टाकले होते, पण ती किरकोळ गोष्ट आहे, इथलं खरं दुखणं दुसरीकडे आहे.

दुप्पट का होऊ देतात? तर सर्चची मागणी रोज सारखी नसते. या क्लासच्या बाबतीत मंगळवार ते गुरुवार लोक जास्त शोधतात, शनिवार-रविवार कुणी फारसं फिरकत नाही. सरळ २,००० वर कापलं असतं तर बुधवारी दुपारीच ॲड बंद पडली असती आणि शनिवारी उरलेले पैसे वापरायला माणसंच नसती. आणि लीड बघितल्या तर बुधवारच्या ३,९८० मध्ये १६ लीड आल्या होत्या, म्हणजे साधारण २५० ला एक, शनिवारच्या १,३०० मध्ये ३ आल्या, म्हणजे ४३३ ला एक. त्यामुळे ज्या दिवशी डबल गेले म्हणून मालक चिडला तोच दिवस खरं तर स्वस्त पडला होता. दोन दिवसांच्या आकड्यांवरून नियम काढू नये हे मान्य, पण इतर दिवसही साधारण तसेच होते.

तर त्या मुलाने काय केलं, डेली बजेट २,००० वरून १,७०० केलं. डोक्यात हिशोब असा की जरा कमी केलं म्हणजे जरा कमी जाईल, लीड पण अगदी बंद होणार नाहीत, सर पण शांत होतील. वरवर बघितलं तर कुणीही हेच केलं असतं.

पण नियम असा आहे की महिन्याच्या मधे डेली बजेट बदललं की मासिक लिमिट नव्याने मोजलं जातं. आतापर्यंत झालेला खर्च जसाच्या तसा धरला जातो, आणि उरलेल्या दिवसांसाठी नवीन बजेट गुणिले उरलेले दिवस एवढी मुभा मिळते. म्हणजे ३०,००० अधिक १,७०० × २० दिवस, ३०,००० + ३४,००० = ६४,०००.

परत वाचा. बजेट हात न लावता ठेवलं असतं तर महिन्याचं छत ६०,८०० होतं. ३०० ने कमी केल्यावर ते ६४,००० झालं.

कारण अगदी साधं आहे. पहिल्या दहा दिवसांत १०,००० जास्तीचे गेले होते. हात लावला नसता तर ती उधळण पुढच्या वीस दिवसांतून वसूल होणार होती, कारण ६०,८०० च्या छताखाली फक्त ३०,८०० शिल्लक होते. बजेट बदललं त्या क्षणी ती जुनी उधारी माफ झाली. नवीन आकड्यावर नवीन खातं उघडलं, आणि मागचे १०,००० कुणाच्याच हिशोबात राहिले नाहीत. मला वाटतं या विषयात माहीत असायला हवी अशी ही एकच गोष्ट आहे, आणि नेमकी हीच बहुतेकांना माहीत नसते, सगळे दुपटीवरच भांडत बसतात.

पुढे काय झालं ते बघा. ११ ते १५ या पाच दिवसांत ११,००० गेले, एकूण ४१,०००. १,७०० ची दुप्पट ३,४००, त्यामुळे चांगल्या दिवशी ॲड आधीच्या मानाने लवकर आटोपत होती आणि लीड कमी झाल्या. मालक परत फोनवर, आता तक्रार उलटी, लीड का येत नाहीत. १६ तारखेला मुलाने बजेट २,२०० केलं. नवीन छत: ४१,००० + २,२०० × १५ = ७४,०००. हे ना मालकाला माहीत ना त्याला. त्याच्या डोक्यात अजून ६०,८०० च होतं, कारण "महिन्याला ॲडजस्ट होतं" हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं, पण ॲडजस्ट कशाच्या तुलनेत होतं ते विचारलं नव्हतं.

१६ ते २३ आठ दिवसांत २१,००० गेले. २३ च्या रात्री एकूण ६२,०००. २४ ला सकाळी मालकाने आकडा बघितला आणि कॅम्पेन पॉज करायला लावलं. पुढचे सात दिवस, त्यातला बुधवार-गुरुवार धरून, एकही ॲड नाही.

मग भांडण सुरू झालं रिफंडचं. मालकाचं म्हणणं, २३ दिवस चाललं, दोन हजारप्रमाणे ४६,००० होतात, बाकीचे १६,००० परत द्या. ऐकायला एकदम रास्त वाटतं पण होत नाही. मासिक लिमिट हे किती दिवस कॅम्पेन चाललं त्यावर मोजत नाहीत, महिनाभर चालणार आहे असं धरून मोजतात, आणि मधेच पॉज केलं तर चाललेल्या दिवसांच्या सरासरीपेक्षा जास्त खर्च झालेला दिसू शकतो. ६२,००० हे ७४,००० च्या आत आहेत. रोजचा कुठलाच आकडा त्या दिवशीच्या बजेटच्या दुपटीच्या वर गेलेला नाही. परत मिळायला काहीच उरत नाही.

पैसे परत केव्हा मिळतात तेही सांगतो. समजा एखाद्या दिवशी ॲड दुपटीच्याही वर दाखवली गेली, किंवा महिन्याचं छत ओलांडलं गेलं, तर वरचा भाग बिलात लावत नाहीत, क्रेडिट म्हणून वजा होतो. म्हणून अकाउंटमध्ये ॲड दाखवण्याचा झालेला खर्च आणि प्रत्यक्ष बिलात लागलेला खर्च हे दोन आकडे कधी कधी वेगळे दिसतात. मालकाशी बोलताना बिलातला धरा. एक अपवाद लक्षात असू द्या, क्लिकऐवजी कन्व्हर्जनला, म्हणजे फॉर्म भरण्यासारख्या हव्या त्या कृतीला, पैसे द्यायची सोय ज्या कॅम्पेनमध्ये असते तिथे दिवसाचा खर्च दुपटीच्याही वर जाऊ शकतो.

आता ११ तारखेकडे परत जाऊ आणि काय करायला हवं होतं ते बघू. रस्ते दोन होते.

पहिला, काहीच न करणं. छत ६०,८०० वर पक्कं राहिलं असतं. पण त्यात धोका असा की छत म्हणजे वेग नव्हे. त्या दहा दिवसांत रोजचे सरासरी ३,००० जात होते, आणि मागणी तशीच राहिली असती तर उरलेले ३०,८०० साधारण २१ तारखेपर्यंत संपले असते. सिस्टिम खर्च पसरवायचा प्रयत्न करते पण शेवटच्या आठवड्यासाठी काही राखून ठेवेल अशी हमी कुणी दिलेली नाही. कागदावर तर रोज दुप्पट गेलं तर महिन्याचं सगळं बजेट १५-१६ दिवसांत संपू शकतं. तेव्हा हात न लावणं हे जास्त खर्चाविरुद्ध सुरक्षित आहे, लवकर संपण्याविरुद्ध नाही.

दुसरा रस्ता, बजेट बदलायचंच, पण अंदाजाने नाही, उरलेल्या पैशातून. मालकाची मर्यादा ६०,०००, गेले ३०,०००, उरले ३०,०००, दिवस उरले २० (आजचा धरून). ३०,००० भागिले २० = १,५००. लावा १,५००. नवीन छत ३०,००० + १,५०० × २० = ६०,०००. ना एक रुपया वर ना खाली, मालकाने सांगितला तोच आकडा. आणि चांगल्या दिवशी ३,००० पर्यंत जायला मोकळीक आहेच.

यातली गंमत अशी की या पद्धतीने कितीही वेळा बदललं तरी छत ६०,००० वरच राहतं, कारण दर वेळी आपण उरलेलेच पैसे उरलेल्या दिवसांवर वाटतोय. जो नियम त्या मुलाच्या अंगावर आला तोच इथे आपल्या कामी येतो. शीटमध्ये एवढंच ठेवा, A2 मध्ये आजची तारीख म्हणजे नुसता दिवस, B2 मध्ये कालपर्यंतचा खर्च:

```
=(60000-B2)/(30-A2+1)
```

३१ दिवसांचा महिना असेल तर ३० च्या जागी ३१. शेवटचा +1 विसरू नका, तो आजच्या दिवसासाठी आहे, विसरलात तर ११ तारखेला २० ऐवजी १९ दिवस धरले जातील आणि छत वर सरकेल.

त्याच महिन्यात हे कसं चाललं असतं ते मांडून बघितलं. ११ ला १,५००. समजा पाच दिवसांत ९,००० गेले, एकूण ३९,०००. १६ ला उरले २१,०००, दिवस १५, नवीन बजेट १,४००. पुढच्या आठ दिवसांत समजा १३,४०० गेले, एकूण ५२,४००. २४ ला उरले ७,६००, दिवस ७, म्हणजे साधारण १,०८५. तो शेवटचा आठवडा जरा उपाशीच गेला असता हे खरं, पण बुधवारी २,१०० च्या आसपास तरी खर्च होऊ शकला असता आणि ॲड ३० पर्यंत दिसत राहिली असती. प्रत्यक्षात त्या सात दिवसांत शून्य होतं.

बदल कधी करायचा हेही महत्त्वाचं आहे. दिवसाच्या सुरुवातीला करा, आणि दिवस म्हणजे अकाउंटच्या टाइमझोनचा दिवस, तुमच्या घड्याळाचा नाही, अकाउंट दुसऱ्याच कुठल्या टाइमझोनवर उघडलेलं असेल तर तुमची सकाळ म्हणजे तिथला मधलाच कुठलातरी तास असू शकतो. दिवसाच्या मधे बजेट कमी केलं तर त्या दिवसापुरतं त्या दिवशीचं सगळ्यात जास्त असलेलं बजेट धरलं जातं आणि त्याची दुप्पट लागू राहते. म्हणजे दुपारी २,००० चं १,५०० केलं तरी त्या दिवशी ४,००० जाऊ शकतात. मग लोक म्हणतात कमी करून पण ऐकत नाही. ते उद्यापासून ऐकणार आहे.

असं काही झालंय हे अकाउंटमध्ये ओळखायचं कसं? दोन जागा उघडा. एक `Budget report`, कॅम्पेनच्या बजेटच्या आकड्यापाशी मिळतो, त्यात महिन्याचा झालेला खर्च आणि मासिक लिमिट दोन्ही दिसतात. लिमिटची रेष महिनाभर सपाट असायला हवी. या अकाउंटमध्ये ती ११ ला एक पायरी चढली होती आणि १६ ला चांगली मोठी पायरी. दुसरी जागा `Change history`, तिथे तारखेसकट कुणी काय बदललं ते येतं. दोन्ही शेजारी ठेवले की पायरी आणि बदल एकाच दिवशी दिसतात, मग भांडायला फारसं काही उरत नाही. मालकाला हे दाखवल्यावर तो बराच वेळ रेषेकडे बघत होता आणि म्हणाला, "म्हणजे मीच कमी कर म्हटलं म्हणून वाढलं?" अगदी तसंच नाही, कमी कर म्हणणं बरोबर होतं, किती ते चुकलं. १,५०० आणि १,७०० मध्ये फरक रोजचा २०० चा, पण वीस दिवसांचा ४,००० चा.

एक गोष्ट वेगळी सांगायची आहे कारण बजेटच्या नादात ती राहून जाते. कॅम्पेन आठवड्यातले बहुतेक दिवस दुपटीच्या जवळ जात असेल आणि वर `Limited by budget` असं स्टेटस दिसत असेल, तर अडचण बहुधा वेगाची नसून क्लिकच्या भावाची असते. मागणी तुमच्या पैशापेक्षा जास्त आहे आणि तुम्ही महागडे क्लिक घेताय. अशा वेळी बजेट कापत बसण्यापेक्षा बिड खाली आणा, म्हणजे मॅन्युअल असेल तर क्लिकचा कमाल दर कमी करा, ऑटोमॅटिक असेल तर लीडमागचा टार्गेट खर्च थोडा घट्ट करा. तेवढ्याच पैशात जास्त क्लिक मिळतात आणि दिवसही सावकाश संपतो. पूर्वी खर्च भराभर करायचा की दिवसभर पसरून असा पर्याय सेटिंगमध्ये असायचा, सर्च कॅम्पेनसाठी तो २०१९ मध्येच काढून टाकला, आता पसरून हाच एक प्रकार आहे, तेव्हा तिथे काही शोधत बसू नका.

कॅम्पेन एकापेक्षा जास्त असतील तर हे सगळं प्रत्येक बजेटला वेगवेगळं लागू होतं. चार कॅम्पेन, चार बजेटं, चार छतं, आणि चारही एकाच बुधवारी दुपटीवर जाऊ शकतात. मालकाच्या डोक्यात एकच आकडा असेल तर शेअर्ड बजेट लावणं सोपं जातं, छत एकच राहतं, फक्त मग जोरात चालणारं कॅम्पेन बाकीच्यांचं खाऊन टाकतं का यावर लक्ष ठेवावं लागतं.

मेटावर ॲड चालवणाऱ्यांनी हाच हिशोब तिकडे नेऊ नये. तिथे डेली बजेटचं गणित आठवड्यावर चालतं, रविवार ते शनिवार, एखाद्या दिवशी ७५ टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतं पण आठवड्याचा खर्च सातपटीच्या वर जात नाही. ३०.४ वगैरे तिकडे काही नाही.

आता पुढच्या महिन्याचं. १ तारखेला मोजणी शून्यापासून सुरू होते, मागच्या महिन्यात जास्त गेले म्हणून पुढच्या महिन्यात कमी होत नाहीत, पण बजेटच्या खान्यात जो शेवटचा आकडा होता तो तसाच बसून असतो. या अकाउंटमध्ये तो २,२०० होता. मालकाचा बेत असा की १ तारखेला नुसतं पॉज काढायचं आणि चालू करायचं. तसं केलं असतं तर पहिल्याच दिवशी २,२०० × ३०.४ = ६६,८८० चं छत लागलं असतं आणि परत तेच रामायण. म्हणून पॉज काढायच्या आधी, ३० तारखेलाच, बजेट १,९७३ करून ठेवलं, ज्याचं छत येतं ५९,९७९. पुढच्या दर सोमवारी सकाळी शीट उघडून जो आकडा येईल तो टाकायचा असं त्या मुलाच्या कॅलेंडरवर लावून दिलं, आणि मधल्या दिवसांत फोन आला तरी बजेटला हात लावायचा नाही असं मालकाकडूनही कबूल करून घेतलं.